मीटर १२.६ दाखवतोय, म्हणजे पॅक ठीक आहे का? लिपो बॅटरीचा प्रत्येक सेल वेगळा बघायला शिका

रोबोटिक्सचे क्लास घेणारे, लग्नाचं आणि प्री-वेडिंगचं ड्रोन शूट करणारे, कॉलेजच्या टीमसाठी किट भाड्याने देणारे असे बरेच जण आपल्या चॅनलवर आहेत. व्हिडिओत हाताने करून दाखवलेल्या गोष्टी परत बघायच्या तर मागे-पुढे करत बसावं लागतं. म्हणून आकडे आणि क्रम इथे नीट लिहून देतोय. मोबाइलवर उघडा आणि चार्जरशेजारी ठेवून वाचा.

आजच्या धड्यात एकच पॅक घेऊ: ३एस, २२०० एमएएच. छोट्या ड्रोनमध्ये, लाइन फॉलोअरच्या मोठ्या भावंडांमध्ये आणि कॉलेजच्या रोबोवॉर बॉटमध्ये हाच पॅक सगळ्यात जास्त दिसतो. तुमच्याकडे ४एस किंवा ६एस असेल तरी विचार तोच, फक्त सेलची संख्या बदलते.

एका पॅकमध्ये तीन बॅटऱ्या असतात

३एस म्हणजे तीन सेल, रांगेत एकामागे एक जोडलेले. प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२० व्होल्ट, मधल्या अवस्थेत साधारण ३.७ आणि ३.० च्या खाली कधीच न्यायचा नाही. तिघांची बेरीज म्हणजे पॅकचे व्होल्ट. पूर्ण भरलेला पॅक म्हणून १२.६० दाखवतो.

आता हे बघा. ४.२० + ४.२० + ४.२० = १२.६०. आणि ४.२७ + ४.१९ + ४.१४ = १२.६०. मीटर जाड वायरींना लावला तर दोन्ही पॅक सारखेच दिसतील. पण दुसऱ्या पॅकमधला पहिला सेल जास्त भरला गेलाय. ४.२० च्या वर गेलं की सेलच्या आतलं द्रव रसायन मोडायला लागतं, त्यातून वायू तयार होतो आणि पाकीट फुगायला लागतं. बेरीज बरोबर आहे म्हणून आपण निर्धास्त, आणि आत एक सेल हळूहळू मरतोय.

एका सेलने काय होऊ शकतं याचं मोठं उदाहरण विमानातलं आहे. ७ जानेवारी २०१३ रोजी बोस्टनच्या विमानतळावर जपान एअरलाइन्सचं बोइंग ७८७ उभं होतं. प्रवासी उतरल्यानंतर त्याच्या एका बॅटरीतून धूर आणि ज्वाळा निघाल्या. ती आठ सेलची लिथियम-आयन बॅटरी होती. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने निष्कर्ष काढला की एका सेलच्या आत शॉर्ट झाला आणि त्याची उष्णता शेजारच्या सेलमध्ये पसरत गेली. आपला पॅक कितीतरी छोटा, पण कुळ तेच. सेल एकमेकांना चिकटून बसलेले असतात, त्यामुळे एक पेटला तर बाकीचे वाचत नाहीत.

म्हणून आजचा नियम एकच: बेरीज बघू नका, प्रत्येक सेल बघा. चार्ज करताना, ठेवताना आणि पॅक काढून टाकायचा की नाही हे ठरवतानाही.

सेल कसा मोजायचा

पॅकला दोन जोडण्या असतात. जाड वायरींचा एक्सटी ६० मोटरला वीज देतो. पांढऱ्या चपट्या कनेक्टरच्या बारीक वायरी म्हणजे बॅलन्स वायर. ३एसला त्या चार असतात, कारण तीन सेलची चार टोकं होतात. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळ्या वायरीच्या बाजूने सुरुवात करून शेजारच्या दोन-दोन पिना मोजत जा: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-चौथी. तीन आकडे मिळतील, ते तीन सेलचे.

दोन टोकं एकमेकांना चिकटली की तिथेच ठिणगी पडते. हात स्थिर नसेल तर बॅलन्स कनेक्टरवर बसणारा छोटा सेल चेकर घ्या. लॅमिंग्टन रोडवर मल्टिमीटर मिळतो तिथेच तोही मिळतो. तो आळीपाळीने तिन्ही सेल दाखवतो. फक्त काम झालं की काढून ठेवा, याचं कारण पुढे सांगतो.

चार्जिंग: क्रम आणि स्क्रीनवर काय बघायचं

आपल्याकडे आयमॅक्स बी६ किंवा तशाच चालीचा चार्जर सगळ्यात जास्त वापरला जातो, म्हणून त्याची भाषा वापरतो.

१. पॅक गरम असेल तर थांबा. उडवून आणलेला पॅक हाताला खोलीइतका गार लागेपर्यंत चार्जरला लावायचा नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या वर्कशॉपमध्ये अर्धा-पाऊण तास लागतो, तो द्या.

२. पॅक हातात घेऊन बघा. फुगलाय का, कोपरा दबलाय का, वायरीचं प्लास्टिक सोललंय का. शंका आली तर त्या दिवशी तो पॅक बाजूला.

३. आधी चार्जिंग केबल चार्जरला लावा, मग पॅकला. उलट केलंत तर केबलचे दोन उघडे बनाना प्लग एकमेकांना लागून पॅक शॉर्ट होऊ शकतो. त्यानंतर बॅलन्स वायर लावा.

४. मेनूत `LiPo BALANCE` निवडा. शेजारी साधा `LiPo CHARGE` असतो, तो नको. करंट आणि सेल असे दिसायला हवेत:

```
LiPo BALANCE
2.2A  11.1V(3S)
```

२.२ अँपिअर कुठून आलं? क्षमता २२०० एमएएच म्हणजे २.२ अँपिअर-तास. क्षमतेइतकाच करंट म्हणजे १सी, आणि रोजच्या वापरासाठी १सी पुरे. ५००० एमएएचचा पॅक असेल तर ५ अँपिअर. लेबलवर "३०सी" लिहिलेलं असतं ते पॅक किती जोरात वीज देऊ शकतो याचं माप आहे. चार्जिंगशी त्याचा संबंध नाही. नवीन मुलं नेमकी इथे गोंधळतात, म्हणून क्लासमध्ये हे फळ्यावर लिहूनच ठेवा.

५. स्टार्ट बटण दाबून ठेवा. चार्जर स्वतः मोजलेले सेल `R: 3SER` असे आणि तुम्ही सांगितलेले सेल `S: 3SER` असे दाखवतो. दोन्ही जुळले तरच पुढे जा. `R` मध्ये `2SER` आलं तर एक सेल इतका खाली गेलाय की चार्जरने तो धरलाच नाही. सेटिंग बदलून पुढे ढकलू नका.

६. सेटिंगमध्ये एकदाच जाऊन `Capacity Cut-Off` सुरू करा आणि तिथे २५०० एमएएच ठेवा. २२०० च्या पॅकमध्ये त्याहून जास्त वीज जातेय म्हणजे ती कुठेतरी वाया जातेय. चार्जर तिथेच थांबेल.

चार्जिंगचे दोन टप्पे असतात. पहिल्यात करंट कायम २.२ राहतो आणि व्होल्ट चढत जातात. सेल ४.२० ला पोहोचले की व्होल्ट तिथेच धरून ठेवले जातात आणि करंट उतरत जातो. करंट अगदी थोडा उरला की चार्ज पूर्ण. म्हणून शेवटच्या थोड्या विजेला जास्त वेळ लागतो, ते बिघाडाचं लक्षण नाही.

बॅलन्सिंगमध्ये नक्की होतं काय

बरेच जण समजतात की बॅलन्स चार्जर कमजोर सेलला जास्त वीज देतो. या चार्जरमध्ये होतं उलटं. रांगेतल्या सगळ्या सेलमधून एकच करंट वाहतो. जो सेल पुढे गेलाय, त्याची थोडी वीज चार्जर बारीक वायरीतून काढून रेझिस्टरमध्ये जाळतो, म्हणजे मागचे गाठू शकतात. बी६ हे काम प्रत्येक सेलमागे साधारण ३०० मिलिअँपिअरने करतो. चार्जिंग २२०० ने, बॅलन्सिंग ३०० ने. फरक लक्षात घ्या.

समजा एक सेल बाकी दोघांपेक्षा ०.०६ व्होल्ट मागे आहे. वरच्या टोकाला एवढ्या फरकात सव्वाशे-दीडशे एमएएच वीज असते. ती ३०० च्या वेगाने जाळायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. चार्जिंग संपत आलं तरी चार्जर उगाच ओढतोय असं वाटतं, तेव्हा तो हेच करत असतो. मध्येच काढू नका.

आणि हे वहीत लिहा: ज्या पॅकला बॅलन्स व्हायला दर वेळी जास्त वेळ लागतोय, तो पॅक काहीतरी सांगतोय. बॅलन्सिंगने सेलची पातळी सारखी होते, सेल दुरुस्त होत नाही.

ब्रँडेड कॅमेरा ड्रोनच्या बॅटरीत हे काम करणारं सर्किट आतच असतं. तिथे तुम्ही बॅलन्स वायर बघत नाही, पण बऱ्याच ॲपमध्ये सेलनिहाय व्होल्ट दिसतात. ते पान उघडायची सवय लावा.

चार्जिंगची जागा: आपल्या फ्लॅटचा प्रश्न

परदेशी व्हिडिओत "गॅरेजमध्ये चार्ज करा" सांगतात. मुलुंडच्या वन रूम किचनमध्ये गॅरेज कुठून आणणार? आपल्याला आपल्या घराच्या नकाशावर विचार करायला हवा.

बहुतेक फ्लॅटला बाहेर पडायचा दरवाजा एकच असतो. आणि चार्जरसाठी मोकळा प्लग नेमका त्या दरवाज्याजवळ, शू-रॅकच्या वर सापडतो. तिथे चार्ज करू नका. पॅक पेटला तर घरातली माणसं आगीच्या आतल्या बाजूला अडकतील. गादी, सोफा, पडदा यांच्याजवळ नको. किचनच्या ओट्यावर सिलिंडरशेजारीही नको.

चांगली जागा म्हणजे लादीची मोकळी जमीन किंवा कडप्प्याचा तुकडा, आजूबाजूला हातभर काहीही पेटण्यासारखं नाही, आणि तुमची पाठ बाहेरच्या दरवाज्याकडे. बाल्कनीत करत असाल तर वाळत घातलेले कपडे आधी काढा. पॅक मातीच्या मोठ्या कुंडीत ठेवा, तळाला चार बोटं कोरडी वाळू घाला. कुंडी पेटत नाही आणि वरून उघडी असल्यामुळे वायू कोंडत नाही. लोखंडी डबा वापरत असाल तर झाकण घट्ट बसवू नका. कोंडलेल्या वायूने डबाच फुटू शकतो. शेजारी एका पिशवीत जास्तीची कोरडी वाळू ठेवा.

रात्री लावून झोपायचं नाही. "खाली वडापाव घेऊन येतो" म्हणूनही निघायचं नाही. चार्ज तासा-सव्वातासाचा आहे, तेवढा वेळ त्याच खोलीत बसून एडिटिंग करा.

पॅकमधून धूर आलाच तर? मेन स्विच सुरक्षितपणे हाताशी असेल तर बंद करा. वाळूची पिशवी वर रिकामी करा. वाळू ज्वाळा आवरते, पण सेल गार करत नाही, त्यामुळे दुसरा सेल थोड्या वेळाने परत पेटू शकतो. वीज बंद झाली असेल तर भरपूर पाणी ओतणं चालतं, ते गार करतं. धूर विषारी असतो, त्यावर वाकून बघायचं नाही. धुमसणारा पॅक हातात धरून जिन्यात पळायचं तर अजिबात नाही. आवाक्याबाहेर वाटलं की सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ लावा.

ठेवताना: ना भरलेला, ना रिकामा

लिपो साठवायचे व्होल्ट प्रत्येक सेलला ३.८० ते ३.८५, म्हणजे ३एसला ११.४० ते ११.५५. का, ते समजलं की आकडा विसरणार नाही.

भरलेला ठेवला तर वरच्या व्होल्टला आतलं रसायन सतत थोडं थोडं मोडत राहतं. उकाड्यात ते आणखी जोरात होतं. पॅक न वापरता म्हातारा होतो आणि फुगतो. रिकामा ठेवला तर तो स्वतःहून आणखी उतरत जातो. सेल फार खाली, अडीच व्होल्टच्याही खाली गेला की आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं. परत चार्ज केलं की ते तांबं नको तिथे जमतं आणि आतल्या आत शॉर्टची वाट तयार होते. म्हणून "मेलेला लिपो दुसऱ्या मोडवर टाकून जिवंत करा" असे जे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. पॅक जागा होईल, पण आत काय जमलंय ते कुणालाच दिसत नाही.

मुंबईत हा प्रश्न जूनपासून रोजचा. रविवारच्या शूटसाठी शनिवारी रात्री सहा पॅक फुल केले, सकाळी पावसाने शूट रद्द. पॅक तसेच बॅगेत, पुढचं शूट तीन आठवड्यांनी. एक-दोन दिवस भरलेला राहिला तर बिघडत नाही. तीन आठवडे राहिला तर बिघडतं.

चार्जरमध्ये `LiPo STORAGE` आहेच. मग लोक ते वापरत का नाहीत? हिशोब करू. फुल पॅक साठवणीच्या पातळीवर आणायला साधारण निम्मी, म्हणजे ११०० एमएएच वीज काढावी लागते. बी६ फक्त ५ वॉटने वीज काढू शकतो. बारा व्होल्टच्या आसपास ५ वॉट म्हणजे जेमतेम ०.४ अँपिअर. एका पॅकला अडीच तास, सहा पॅकला पंधरा तास. कोण बसणार?

यावर स्वस्त उपाय म्हणजे गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब. त्याला एक्सटी ६० ची वायर सोल्डर करा. तो साधारण साडेचार अँपिअर खेचतो, म्हणजे पंधरा मिनिटांत एक पॅक खाली येतो. बॅलन्स कनेक्टरवर बझर लावा आणि तो ३.८० ला सेट करा. वाजला की बल्ब काढा. भार काढल्यावर व्होल्ट थोडे वर येतात आणि ३.८५ च्या आसपास स्थिरावतात. बल्ब भाजेल इतका तापतो, त्याला लादीवर धातूच्या स्टँडमध्ये धरा आणि समोरून हलू नका. ४एसचे १६.८ व्होल्ट एका बल्बला झेपत नाहीत. तिथे दोन बल्ब एकामागे एक जोडा. वेळ थोडा जास्त लागेल.

बझर आणि सेल चेकर काम झाल्यावर काढायला मी मघाशी का सांगितलं? ते बॅटरीवरच चालतात, आणि बरेचसे सगळ्या सेलमधून सारखी वीज घेत नाहीत. क्लासच्या कपाटात महिनाभर बझर लावलेला पॅक उघडून बघा. दोन सेल ठीक आणि एक तळाला गेलेला, असंच सापडतं. रोबोटचा स्विच बंद करून पॅक आतच ठेवणं हीदेखील तीच चूक. स्विच काय, पॅकच काढा.

ठेवायची जागा कोरडी आणि सावलीतली हवी. पावसाळ्यात दमट, खारट हवेने कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि एक्सटी ६० ला टोपी लावा. उभ्या गाडीत पॅक ठेवू नका. महिन्यातून एकदा तिन्ही सेल मोजा.

बिघडत चाललेला पॅक: एका वहीतून शिकू

आता खरा धडा. समजा घाटकोपरच्या एका क्लासमध्ये एकाच दिवशी घेतलेले दोन पॅक आहेत, "अ" आणि "ब". वर्षभर वापरलेत. दोन्ही दिसायला सारखे, फुगलेले नाहीत. काल रात्री दोन्ही बॅलन्स चार्ज झाले आणि तिन्ही सेल ४.२० वर आले. "अ"ला पाच मिनिटं जास्त लागली, "ब"ला अर्धा तास.

*पहिली तपासणी: रात्रभर आराम.* सकाळी मोजलं.

अ: ४.१९, ४.१९, ४.१९
ब: ४.१९, ४.१३, ४.१९

काहीही न जोडता "ब"चा मधला सेल ०.०६ ने उतरला. बेरीज १२.५१, मीटर म्हणतो जवळजवळ फुल. पण तो सेल आतल्या आत वीज गमावतोय. हे सगळ्यात महत्त्वाचं लक्षण आहे, कारण आत कुठेतरी बारीक गळती असल्याशिवाय एका रात्रीत एवढा फरक पडत नाही.

*दुसरी तपासणी: बल्ब.* तोच ५५ वॉटचा बल्ब लावून दहा सेकंदांनी प्रत्येक सेल मोजला.

अ: ४.१४, ४.१४, ४.१४
ब: ४.१४, ३.९८, ४.१४

चांगले सेल ०.०५ ने बसले, मधला ०.१५ ने. साडेचार अँपिअरने भागलं तर चांगल्या सेलचा अंतर्गत रोध ११ मिलिओहम आणि मधल्याचा ३३. तिप्पट. तुमचा चार्जर रोध स्वतः दाखवत असेल तर उत्तम. पण नेट‌वरच्या आकड्याशी तुलना करू नका. गार पॅकचा रोध जास्त येतो, गरमचा कमी. त्याच पॅकमधल्या शेजारच्या सेलशी आणि त्याच पॅकच्या मागच्या महिन्याच्या आकड्याशी तुलना करा.

*तिसरी तपासणी: वापरल्यानंतर.* दोन्ही पॅक बॉटमध्ये सारखाच वेळ चालवले, अर्धा तास ठेवले आणि मोजले.

अ: ३.७४, ३.७३, ३.७४
ब: ३.७२, ३.३१, ३.७३

"ब"ची बेरीज १०.७६. तिनाने भागलं तर ३.५९, म्हणजे "चालतंय की!" असं वाटेल. आता चालताना काय झालं असेल ते बघा. बरेच स्पीड कंट्रोलर पूर्ण पॅकचे व्होल्ट बघतात. समजा ३एसला तो ९.६ ला बंद होतो. पण ३.४५ + २.७० + ३.४५ ची बेरीजही ९.६० च होते. म्हणजे कंट्रोलर बंद होईपर्यंत मधला सेल २.७० पर्यंत जाऊन आला. बॉट जमिनीवर थांबेल. ड्रोन मात्र वाऱ्यात जोर लावताना, नेमकी गरज असते तेव्हा, ताकद गमावेल. खाली वऱ्हाडी मंडळी उभी असतात, हे विसरू नका.

*चौथी नोंद: परत किती भरलं.* चार्ज संपल्यावर स्क्रीनवर आत गेलेले एमएएच दिसतात. "अ" नवा असताना ३.७४ पासून भरायला सुमारे १७०० लागायचे, आता १६०० लागतात. हे साधं म्हातारपण. त्याच पातळीपासून भरायला १३५० च्या आसपासच लागू लागले, म्हणजे क्षमता ऐंशी टक्क्यांवर आली, की तो उडवायचा बंद. जमिनीवरच्या छोट्या रोबोटला आणखी काही महिने चालेल, जर तिन्ही सेल बरोबरीने वागत असतील तर.

निर्णय असा करा. आराम दिल्यावर सेलमधला फरक ०.०३ च्या आत असेल तर बिनधास्त वापरा. ०.०५ च्या आसपास गेला की पॅकवर लाल टेप लावा, फक्त जमिनीवर वापरा आणि दर वेळी मोजा. ०.१० झाला, किंवा एका सेलचा रोध बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट झाला, की पॅक निवृत्त. "ब"चा फरक अजून ०.०६ आहे, पण त्यात रोध तिप्पट आणि एका रात्रीत गळती. त्याला लाल टेपची संधीही द्यायची नाही.

"फक्त मधला सेल बदलून द्या ना" असं दुकानात सांगून बघायचा मोह होतो. नवीन सेल आणि वर्षभर चाललेले दोन जुने सेल बरोबरीने कधीच चालत नाहीत. काही दिवसांत तीच कहाणी वेगळ्या सेलवर सुरू होते.

काही पॅकना मोजायची गरजच नसते. फुगलेला, गोडसर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येणारा, आपटून कोपरा दबलेला, पाण्यात पडलेला पॅक सरळ बाद. फुगलेल्या पॅकला टाचणी टोचून हवा काढायची नाही. आतला वायू पेट घेणारा असतो आणि टाचणीने शॉर्टही होतो. जोरात आपटलेला पॅक लगेच ठीक दिसला तरी तासभर कुंडीत, मोकळ्या हवेत ठेवून लक्ष द्या.

बाद पॅकचं काय करायचं

पॅक फुगलेला नसेल तर बल्ब लावून पूर्ण उतरवा, मोकळ्या जागेत, समोर थांबून. फुगलेल्याला काही जोडू नका. दोन्ही कनेक्टरवर टेप गुंडाळा आणि वाळूच्या डब्यात ठेवा. सोसायटीच्या कचऱ्यात टाकायचा नाही, कारण कचरागाडीत कचरा दाबला जातो आणि दबलेला लिपो तिथेच पेटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणेही वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून योग्य ठिकाणी देणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे देताना "लिथियम पॅक आहे" हे तोंडाने सांगा.

नेता-आणताना

डिसेंबरात पवईच्या आयआयटीत टेकफेस्टला रोबोट घेऊन जाणाऱ्या टीम लोकलने येतात. पॅक साठवणीच्या व्होल्टला ठेवून कडक डब्यात न्या आणि तिथे पोहोचून चार्ज करा. सकाळच्या घाटकोपर स्टेशनात बॅगेवर किती दाब येतो ते तुम्हाला माहीत आहे. स्क्रू-ड्रायव्हर आणि पॅक एकाच कप्प्यात कधीही नको. विमानाने जाताना सुटे पॅक हँडबॅगेतच न्यावे लागतात, चेक-इन सामानात चालत नाहीत. मर्यादा वॉट-तासात असते: १०० पर्यंत साधारण अडचण येत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते. आपला पॅक ११.१ × २.२ = २४.४ वॉट-तास.

आजचा गृहपाठ

तुमच्याकडे जेवढे पॅक आहेत त्यांना आज नंबर द्या आणि खरेदीची तारीख टेपवर लिहा. एका वहीत प्रत्येक पॅकला एक पान. चार रकाने पुरेत: रात्रभर आरामानंतरचे तीन सेल, बल्ब लावल्यावरचे तीन सेल, आत गेलेले एमएएच, बॅलन्सला लागलेला जास्तीचा वेळ. महिन्यातून एकदा भरा. तीन महिन्यांनी कुठलं पान बिघडतंय ते वही स्वतः सांगेल.

कुणाच्या पॅकचे आकडे विचित्र वाटत असतील तर तिन्ही सेलचे व्होल्ट, बल्ब लावून आणि न लावता, कमेंटमध्ये लिहा. "१२.४ दाखवतोय, ठीक आहे का?" एवढंच विचारलंत तर मी परत तेच विचारणार: वेगवेगळे किती?

पुढच्या भागात याच पॅकवर एक्सटी ६० कनेक्टर बदलताना वायरी एकेक करून का कापायच्या, ते करून बघू. भेटूया!